मृगाच्या आधीची धडधड

माझं नांदूरघाटला बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. आमच्या भागात सोयाबीन, कापूस आणि तूर ही खरिपाची पिकं. त्यामुळे वर्षभराच्या धंद्यातला मोठा वाटा मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत होतो. रोहिणी लागल्या की माल भरायचा आणि मृगाचा पाऊस पडला की तो निघतो. वडिलांच्या वेळेपासून हेच चालू आहे.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी संध्याकाळी खताचा ट्रक आला होता. हमालांनी थप्प्या लावल्या, मी पोती मोजून घेतली, नोंदवहीत साठा चढवला आणि घरी येऊन जेवलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा छातीत जोरात धडधडत होतं. उशीवर कान टेकला तरी ठोके ऐकू येत होते. अंगाला घाम सुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. आमच्या ओळखीतला एक व्यापारी दोन वर्षांपूर्वी असाच रात्री गेला होता. मला पक्कं वाटलं की आता आपलीही वेळ आली.

बायकोने पोराला उठवलं. तो मला गाडीत घालून केजला घेऊन गेला. पोहोचेपर्यंत निम्मा त्रास कमी झाला होता, पण मी ते बोललो नाही. डॉक्टरांनी लगेच ईसीजीची पट्टी काढली. ठोके मिनिटाला ११८ होते, पण लय सरळ होती. झटक्याची रक्ततपासणी केली, काही तासांनी ती पुन्हा केली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. सकाळी "ॲसिडिटी असेल, जागरण करू नका" असं सांगून घरी पाठवलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. त्या रात्री दवाखान्यात जाणं चूक नव्हतं. छातीत असं पहिल्यांदा झालं तर घरी बसून अंदाज बांधू नये. माझी चूक झाली ती पुढे.

चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं, तेही दुकानात भर दुपारी. मग दोन दिवसाआड होऊ लागलं. मी बीडला जाऊन टू-डी इको केला. हृदय व्यवस्थित होतं. मग पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणी केली, तीही चांगली आली. एका ठिकाणी तर लगेच ॲन्जिओग्राफी करून घ्या म्हणाले. मी तयारही झालो होतो. दुसऱ्या एका फिजिशियनने सगळे कागद बघून सांगितलं की याची आत्ता काही गरज दिसत नाही. तोपर्यंत अकरा-बारा हजार रुपये गेले होते आणि तेही ऐन माल भरायच्या दिवसांत.

प्रत्येक अहवाल चांगला आला की दोन दिवस बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मनात यायचं की पट्टी काढली तेव्हा त्रास होतच नव्हता, मग त्यात दिसणार कसा?

घरात कोरोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर होतं. ते मी शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. गिऱ्हाईक वळलं की काउंटरखाली हात घालून बोटाला लावायचं. ठोके ९६ दिसले की बरं वाटायचं, १०८ दिसले की पोटात गोळा यायचा आणि पुन्हा लावलं की ११५ व्हायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी ते लावत असेन. गोदामाच्या माळ्यावर जाणं सोडलं, कारण जिना चढला की धडधड व्हायची. मोटारसायकलवर एकटा जाईना. खिशात एक चिठ्ठी ठेवली, तिच्यावर पोराचा नंबर लिहिला. हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ओळखीच्या एका औषध दुकानदाराने झोपेच्या म्हणून गोळ्या दिल्या. अर्धी गोळी घेतली की तासाभरात शांत वाटायचं. आठ दिवसांत अर्धीची एक झाली. चिठ्ठीशिवाय दिलेली अशी गोळी घेऊ नये, हे दुसऱ्यांच्या बाबतीत मला कळत होतं. शेतकऱ्याने विचारल्याशिवाय दुप्पट फवारा मारला तर मी त्याच्यावर रागावतो. स्वतःच्या बाबतीत मी तेच करत होतो.

शेवटी मेव्हण्याच्या सांगण्यावरून अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला आणि मेडिसिनच्या ओपीडीत बसलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळे अहवाल पाहिले, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. दम्याचा पंप वापरता का, सर्दीच्या गोळ्या चालू आहेत का, दिवसाला चहा किती, तंबाखू किती, हे विचारलं. मी दिवसाला दहा-बारा चहा घेत होतो. दुकानात आलेल्या प्रत्येकाबरोबर एक होतोच.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "ही धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते आणि एकदम थांबते, की चढत जाते आणि हळूहळू उतरते?" मी म्हणालो, चढत जाते. दहा मिनिटांत फार होते, मग अर्ध्या तासात उतरते. मोजलेले ठोके ११५ ते १२५. ते म्हणाले, एकदम सुरू होऊन एकदम थांबली असती आणि बसल्या जागी दीडशेच्या वर गेली असती, तर लयीचा बिघाड शोधायला चोवीस तासांचं यंत्र लावलं असतं. तुमचं तसं दिसत नाही. तपासण्या येऊ द्या, आणि तोवर मानसोपचार विभागात दाखवून या.

ते ऐकून मला अपमान वाटला. खरं सांगतो, कागद घेऊन मी फाटकापर्यंत आलो होतो. नांदूरघाटचं कुणी इथे दिसलं तर काय म्हणेल, हाच विचार होता. घरीही मी अंबाजोगाईला मालाची चौकशी करायला जातो असं सांगून निघालो होतो. फाटकाजवळ बाकावर बसलो आणि पुन्हा ऑक्सिमीटर लावलं. ११२. तेव्हा वाटलं की घरी जाऊन तरी काय करणार आहोत? मी परत फिरलो.

मानसोपचार विभागातल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आजाराबद्दल सुरुवात केलीच नाही. दुकान कशाचं, गर्दी कधी असते, हे विचारलं. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी याच दिवसांत असं काही झालं होतं का?"

मी आठवू लागलो. २०२२ च्या मेमध्ये झोप लागत नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी छातीत भरून येतं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या महिनाभर घेतल्या होत्या. दरवर्षी मेमध्ये सुरू आणि पेरण्या उरकल्या की बंद. मी याची कधी संगतीच लावली नव्हती.

"त्याच्या आधी?" त्यांनी विचारलं.

त्याच्या आधी २०२० होतं. ज्यांचा शेतीशी संबंध आहे त्यांना ते वर्ष आठवत असेल. २०१९ च्या परतीच्या पावसात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं होतं. पुढच्या जूनमध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. हजारो तक्रारी झाल्या, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. माझ्या दुकानातून नेलेल्या पिशव्याही त्यात होत्या. बियाणं कंपनीचं असतं, पण शेतकरी कंपनीच्या दारात जात नाही. तो माझ्याच दारात येतो. एका सकाळी वीस-पंचवीस जण आले. त्यात वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक असलेले एक आबा होते. त्यांनी चार पिशव्या नेल्या होत्या. बाकीचे ओरडत होते, ते ओरडले नाहीत. रिकामी पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाले, "तुझ्या बापानं असं केलं नसतं." आणि गेले. पुन्हा ते दुकानात आले नाहीत.

हे सांगताना मॅडमसमोर माझा आवाज बसला. त्या दिवसाबद्दल मी तीन वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो. "जगू नये असं वाटतं का?" असंही त्यांनी सरळ विचारलं. मी नाही म्हणालो. पण दुकानाला कुलूप लावून कुठेतरी निघून जावं असं वाटतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा बोललो.

मग त्यांनी जे करून घेतलं ते मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. हृदयाच्या तपासण्या चांगल्या आहेत हे कागदावर पाहून घेऊन त्यांनी मला खुर्चीवर बसून जोरजोरात भराभर श्वास घ्यायला सांगितलं. पाऊण मिनिटातच डोकं हलकं झालं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, छाती धडधडायला लागली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. अगदी रात्रीचाच त्रास होता तो.

"आता हळू," त्या म्हणाल्या. "चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर." तीन-चार मिनिटांत सगळं उतरलं.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. मनाला धोका वाटला की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या येतात आणि हवा पुरत नाही असं वाटतं. खरं तर हवा जास्त झालेली असते. आपल्याला वाटतं हा झटका आहे, त्या भीतीने ठोके आणखी वाढतात. ठोके मोजायला गेलं की अजून. याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि सतत चालणाऱ्या काळजीला चिंतेचा विकार. "त्रास खोटा नाही," हे त्या दोनदा म्हणाल्या. "हृदय खरंच पळतंय. पण ते बिघडलंय म्हणून पळत नाही."

त्यांनी एस्सिटालोप्राम नावाची गोळी ५ मिलिग्रॅमपासून सुरू केली आणि आठवड्याने १० करायला सांगितलं. औषध दुकानातून घेतलेली झोपेची गोळी हळूहळू कमी करून तीन आठवड्यांत बंद करायची होती, कारण तिची सवय लागते. एकदम तोडूही नका, असं बजावलं. नवीन गोळीचा उपयोग दिसायला तीन-चार आठवडे लागतील, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा थोडा वाढूही शकतो. हे आधी सांगितलं ते फार बरं केलं. पाचव्या दिवशी मला इतकं अस्वस्थ वाटलं की गोळ्या फेकून द्याव्यात असं झालं होतं. माहीत होतं म्हणून थांबलो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही ठीक आले.

गोळीबरोबर घरी करायची कामं दिली होती. ऑक्सिमीटर बायकोच्या ताब्यात द्यायचं. म्हणजे आता तिला सांगणं भाग होतं. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीचंसुद्धा. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं उधारी बुडाली म्हणून तुम्ही असं वागताय." तिने ते यंत्र कपाटात ठेवलं. पहिले तीन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा.

दुसरं काम जिन्याचं. रोज तीन वेळा गोदामाचा जिना भरभर चढायचा, धडधड होऊ द्यायची, नाडी न बघता तिथेच उभं राहायचं आणि ती आपोआप उतरते हे पाहायचं. पहिल्या दिवशी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. दहा दिवसांनी जिना चढून मी तिथलीच पोती मोजायला लागलो, तेव्हा धडधडीकडे लक्षच गेलं नाही. चहा तीनवर आणला. त्याने दोन दिवस डोकं दुखलं, मग थांबलं.

तिसरं काम वहीचं. संध्याकाळी वीस मिनिटं बसून काळज्या लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर एकच गोष्ट लिहायची, यावर आज माझ्या हातात काही आहे का? पाऊस येईल का, याच्यासमोर लिहिलं, नाही. उधारी परत येईल का, याच्यासमोर आठ नावं लिहिली आणि रोज एकाला फोन करायचं ठरवलं. बियाणं उगवेल का, याच्यासमोर लिहिताना हात थांबला. कारण तिथे माझ्या हातात बरंच काही होतं. भीतीमुळे मी इतकी वर्षं त्या पिशव्यांकडे नीट पाहतही नव्हतो.

आता मी प्रत्येक लॉटमधलं थोडं बियाणं काढून घरी उगवण तपासतो. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी असे शंभर दाणे ठेवायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळायचं, सावलीत ठेवून ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरणीलायक. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पिशवी आपटली तरी आतला अंकुर दुखावतो. म्हणून हमालांना बियाण्याची पिशवी फेकू देत नाही आणि थप्पी सात-आठच्या वर जाऊ देत नाही. हे सगळं मला आधीही माहीत होतं. त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्येक लॉटचं केलं. एका लॉटमध्ये चौसष्टच दाणे उगवले. तो मी कंपनीच्या माणसाला परत न्यायला लावला. त्या रात्री झोप लागली.

२०२३ चा जून जवळजवळ कोरडा गेला. मृग गेला तरी पेरण्या नाहीत. माल तसाच पडून, वितरकाचे फोन चालू. गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. धडधड व्हायची, पण मी श्वास मोजत काउंटरवरच बसायचो. महिना संपता संपता पाऊस झाला आणि दुकानासमोर गर्दी उसळली. "द्या लवकर, वाफसा जाईल," असं सगळे म्हणत होते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. अंगठ्याच्या मशीनला रेंज मिळेना, लोक चिडले, एकाने काउंटरवर हात आपटला. माझी छाती एकदम पळायला लागली. आधी मी अशा वेळी पोराला बसवून गोदामात जायचो. त्या दिवशी गेलो नाही. पाय जमिनीवर घट्ट ठेवून पावती लिहीत राहिलो. अक्षर वाकडं आलं. पावती झाली तोवर धडधड उतरायला लागली होती.

हे मी गावात दोन-तीन जणांना सांगितलं. त्यावरून एक झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. एक कापड दुकानदार दिवाळीच्या आधी माझ्याकडे आले. त्यांचंही धडधडत होतं. माझं ऐकून त्यांना वाटलं की आपलंही सीझनचं टेन्शनच आहे. पण त्यांचं वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरलं होतं, हात कापत होते आणि रात्री झोपेतही नाडी जलदच राहायची. मी त्यांना म्हणालो, आधी रक्त तपासा. त्यांचं थायरॉइड वाढलेलं निघालं आणि त्याच्या गोळ्यांनी त्यांना बरं वाटलं. धडधड दोघांचीही, पण त्यांची रक्तात सापडली आणि माझी सापडली नाही. मॅडमनीही मला सांगून ठेवलं आहे की चालताना छातीत दाबल्यासारखं दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली किंवा घेरी येऊन पडलात, तर हे जुनंच आहे म्हणून घरी थांबू नका.

दर महिन्याला जात राहिलो. दिवाळीच्या सुमारास बरं वाटतंय म्हणून मी स्वतःच आठ दिवस गोळी बंद केली होती. चक्कर येऊ लागली, चिडचिड व्हायला लागली, म्हणून पुन्हा सुरू केली. मॅडमनी २०२४ च्या मार्चपासून ती टप्प्याटप्प्याने कमी केली. मेमध्ये एका रात्री पुन्हा जाग आली, छाती पळत होती. बायकोला उठवायचं नव्हतं. ओसरीत येऊन टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावला. तिकडच्या बाईंशी वीस मिनिटं मराठीत बोललो. आधी त्यांनी छातीत दुखतंय का ते विचारून घेतलं, मग माझ्याबरोबर फोनवर श्वास मोजला. पावणेतीनला झोपलो.

त्या जूनमध्ये आबा दुकानात आले. चार वर्षांनी. मी लांबून ओळखलं आणि छाती पळायला लागली. त्यांना तुरीचं बियाणं हवं होतं, एकच पिशवी. मी लॉट दाखवला, उगवण किती आली ते वहीत उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, काही बोलले नाहीत. पैसे मोजून दिले. पिशवी खांद्यावर घेताना म्हणाले, "पाऊस पडू दे मग बघू." मी पावती त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला काय हवं ते विचारलं.